कोकणकड्याचा लो-पॉली देखावा: कड्याची धार आणि पैलूंवरचा उजेड

पाऊलवाट

नमस्कार. हरिश्चंद्रगडाच्या परिसराचा एक लो-पॉली देखावा मी ब्लेंडरमध्ये तयार करीत आहे. आमच्या भटक्यांच्या गटाच्या संकेतस्थळावर तो फिरवून पाहता यावा, असा उद्देश आहे. सपाट त्रिकोणी पैलू, मोजके रंग, कोकणाकडून माथ्याकडे जाणारी साधी रंगछटा आणि एकाच बाजूने येणारा उजेड एवढेच मला हवे आहे. छायाचित्रासारखा खरेपणा नको आहे, परंतु गड पाहिलेल्या माणसाला तो चटकन ओळखता यायला हवा.

उंचीची माहिती मी एसआरटीएमच्या 30 मीटरच्या जाळीतून घेतली. साधारण 6 किलोमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापला, म्हणजे जाळीत सुमारे 200 गुणिले 200 घरे आणि 80,000 त्रिकोण झाले. `Decimate` लावून ते 2,000 पर्यंत उतरवले आणि `Shade Flat` केले. तारामतीचा माथा आणि पाचनईकडची बाजू बरी दिसते आहे. कोकणकडा मात्र पूर्णपणे बिघडला आहे. त्याची धार करवतीसारखी दातेरी दिसते, काही ठिकाणी कडा नाहीसा होऊन तिथे नुसता उतार उरला आहे, आणि उजेड कुठूनही टाकला तरी कड्याचा बाक जाणवत नाही. समोरून तो सपाट भिंतीसारखा दिसतो.

त्रिकोणांची संख्या वाढवली की दाते कमी होतात, पण मग लो-पॉलीचे रूपच राहत नाही. चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर होत असावी?

कंटूर

त्रिकोण कमी करण्याच्या आधीच उंचीला पायऱ्या पाडून घ्याव्यात, असे मी सुचवेन. सह्याद्रीचे रूप मुळातच पायऱ्यापायऱ्यांचे आहे. प्रत्येक उंची जवळच्या 60 किंवा 80 मीटरच्या पटीला आणून ठेवली, की सपाट माथे आणि उभे कडे आपोआप वेगळे होतात आणि धार स्वच्छ निघते. घाटमाथ्याच्या एका देखाव्यात मी हेच केले होते आणि दुरून ते अतिशय चांगले दिसले.

त्रिमिती

कंटूर यांच्या सूचनेतला अर्धा भाग मला पटतो, त्याकडे नंतर येतो. आधी दाते कुठून आले ते पाहू, कारण दाते वेगळ्या कारणाने येतात आणि कडा नाहीसा होतो तो वेगळ्याच कारणाने.

मेश अगदी वरून, तारांच्या दृश्यात पाहावा. कड्याच्या काठावरचे दाते काटकोनात असतील आणि त्यांच्यातले अंतर साधारण एका घराएवढे, म्हणजे 30 मीटरच्या आसपास असेल, तर ते दाते मूळ जाळीतले आहेत. कडा जाळीला तिरका जातो आणि जाळीला तिरकी रेषा ठाऊक नसते, म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांनी पुढे सरकते. आता `Decimate` मधली `Collapse` ही पद्धत काय करते ते लक्षात घ्यावे. एखादा बिंदू काढून टाकल्यावर पृष्ठभाग मूळ प्रतलांपासून किती दूर सरकेल याचा ती हिशेब ठेवते आणि सर्वांत कमी नुकसान होईल तिथून बिंदू काढीत जाते. गारलँड आणि हेकबर्ट यांनी 1997 मध्ये मांडलेली ही कल्पना आहे. पठारावरचा बिंदू काढला तर नुकसान एक-दोन मीटरांचे होते, पण कड्याच्या काठावरचा दाता काढला तर पृष्ठभाग एकदम दहा-वीस मीटर सरकतो. म्हणून ही पद्धत दाते जपून ठेवते. आपल्याला जो दोष वाटतो, तो तिच्या लेखी त्या भूभागाचा सर्वांत मोलाचा तपशील असतो. 2,000 त्रिकोणांपैकी किती त्रिकोण त्या काठावर खर्ची पडले आहेत हे मोजून पाहिले तर ही गोष्ट लगेच ध्यानात येईल.

कडा जिथे उतार झाला आहे तिथे याच्या पुढची पायरी गाठलेली असते. त्रिकोण फार कमी उरल्यावर काठावरचा बिंदू आणि पायथ्याचा बिंदू एकमेकांत मिसळतात आणि उभी भिंत एका तिरक्या त्रिकोणात जाते. मुळातच 30 मीटरच्या जाळीत उभा कडा एक-दोन घरांतच मावलेला असतो. शिवाय एसआरटीएमचे मापन फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून तिरक्या रडारने झाले होते, त्यामुळे खोल कड्यांच्या आड रडारची सावली पडून काही जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या पुढे आजूबाजूच्या उंचीवरून भरल्या गेल्या. भुवनवर मिळणारी कार्टोसॅटची उंची किंवा कोपर्निकसची 30 मीटरची जाळीही वापरून पाहावी. मात्र जाळी कोणतीही घेतली तरी तिरक्या धारेची अडचण तशीच राहते.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे. कड्याची धार यंत्रावर सोपवू नये, ती आपण स्वतः आखावी. उपग्रहचित्र वरून लावून काठाची एक तुटक रेषा काढावी आणि तिचे बिंदू साधारण 80 ते 120 मीटर अंतरावर ठेवावेत. पायथ्याचीही तशीच एक रेषा काढावी. या दोन रेषा `Knife Project` ने मेशमध्ये कापून घ्याव्यात, त्यांच्यामधला सगळा भाग पुसून टाकावा आणि त्यानंतरच उरलेल्या पठारावर आणि पायथ्याच्या जंगलावर `Decimate` लावावे. `Decimate` मध्ये व्हर्टेक्स ग्रुप देता येतो, त्याच्या आधारे आपण आखलेले काठ वगळावेत. मधली भिंत सर्वांत शेवटी हाताने जोडावी. भिंतीला दीडशे-दोनशे त्रिकोण पुरतात.

दगडफूल

भूशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने पायऱ्यांविषयी लिहिते. कंटूर यांचे निरीक्षण योग्य आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि ते आजही जवळजवळ आडवेच आहेत. कठीण, घट्ट बसाल्टचा थर उभा कडा देतो आणि त्याच्या खालचा किंवा वरचा, पोकळ्यांनी भरलेला, लवकर झिजणारा थर उतार देतो. पावसाळ्यानंतर त्या उतारांवर गवत आणि झुडपे वाढतात, म्हणून कड्यांवर काळे आणि हिरवे पट्टे आलटून पालटून दिसतात.

अडचण अशी आहे की या थरांची जाडी सारखी नसते. काही थर दहा-पंधरा मीटरांचे असतात, तर काही त्याच्या कित्येक पट जाड असतात. सगळीकडे 60 मीटरची पायरी पाडली तर जिथे प्रत्यक्षात एकच अखंड कडा आहे तिथे पायऱ्या दिसतील आणि पठारावरच्या हलक्या उतारावर नसलेले कडे उगवतील. पाचनईहून वर येणारी वाट ज्या सावकाश चढणीने येते, तिच्यावर आडव्या भिंती उभ्या राहिलेल्या मला तरी चालणार नाहीत.

पायऱ्या पाडायच्याच असतील तर त्या फक्त भिंतीच्या पट्ट्यात पाडाव्यात आणि त्यांच्या उंच्या छायाचित्र समोर ठेवून ठरवाव्यात. कोकणकड्याच्या समोरून काढलेल्या छायाचित्रांत गवताच्या रेघा स्पष्ट दिसतात. त्रिकोणांच्या कडा त्या रेघांवरून गेल्या, तर थोड्या पैलूंतही दगड ओळखू येतो.

कंटूर

दगडफूल, थरांच्या असमान जाडीचा मुद्दा मान्य आहे. तरीही दुरून पाहायच्या देखाव्यात समान पायऱ्यांचा परिणाम मला आजही आवडतो. तो शैलीचा भाग मानता येईल.

त्रिमिती

शैली म्हणून माझीही हरकत नाही. पण पाऊलवाट यांना गड ओळखू यायला हवा आहे आणि समान पायऱ्या पाडल्या की सह्याद्रीतले सगळे डोंगर एकसारखे दिसू लागतात.

किल्लेकार

हा धागा वाचून फार आनंद झाला. आमच्या सोसायटीत दिवाळीला मुले मातीचा किल्ला करतात. त्याच्या शेजारी ठेवण्यासाठी जाड कागदाच्या त्रिकोणांचा गड करावा असे गेली काही वर्षे माझ्या मनात आहे. 2,000 त्रिकोण कापून चिकटवायला किती माणसे लागतील? पाऊलवाट यांनी कोणता कागद वापरला आहे, आणि त्रिकोणांच्या कडांना चिकटवण्याच्या पट्ट्या कशा ठेवल्या आहेत?

पाऊलवाट

किल्लेकार काका, माझा देखावा पडद्यावरचा आहे, कागदाचा नाही. पण कल्पना फार चांगली आहे.

त्रिमिती

किल्लेकार, ब्लेंडरला `Export Paper Model` नावाची जोड मिळते. मेश उलगडून, चिकटवण्याच्या पट्ट्यांसह ती छापण्याजोगी पाने तयार करते. मात्र 2,000 त्रिकोण हाताने शक्य नाहीत. गड 150 ते 200 त्रिकोणांत बसवा, आणि त्यातही अगदी अरुंद, सुईसारखे त्रिकोण ठेवू नका, कारण ते घडीवर फाटतात. पडद्यावरही तेच त्रिकोण त्रास देतात. अशा त्रिकोणाचा एखादा बिंदू जरासा वरखाली झाला तरी त्याचा कल एकदम बदलतो आणि पठाराच्या मधोमध एक उजळ किंवा काळी रेघ चमकते. अशी रेघ दिसली तर उजेड बदलत बसू नये, तो त्रिकोण शोधून शेजारच्यात विलीन करावा.

पाऊलवाट

त्रिमिती यांनी सांगितल्याप्रमाणे काठ आणि पायथा हाताने आखला. वरून पाहताना धार आता स्वच्छ दिसते. भिंतीत दगडफूल यांच्या सूचनेप्रमाणे तीन आडवे पट्टे केले आहेत. तरीही समोरून पाहताना बाक दिसतच नाही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून मी सूर्य बरोबर पश्चिमेला, क्षितिजापासून 30 अंशांवर ठेवला आहे. संध्याकाळच्या छायाचित्रांसारखा उजेड यावा, अशी माझी अपेक्षा होती.

त्रिमिती

बाक न दिसण्याचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. सूर्य बरोबर समोर आहे.

सपाट पैलूवर उजेड किती पडतो हे एकाच गोष्टीवर ठरते. पैलूला काटकोनात उभी असलेली रेषा आणि सूर्याची दिशा यांच्यामधल्या कोनाची कोज्या, एवढाच तो हिशेब. संपूर्ण पैलूला एकच आकडा मिळतो, म्हणून तो एकाच छटेचा दिसतो. आता कोकणकड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आणि पश्चिमेकडे उघडा आहे असे धरू. मधली भिंत पश्चिमेकडे पाहते, उत्तरेकडचा बाहू आतल्या अंगाने नैर्ऋत्येकडे पाहतो आणि दक्षिणेकडचा बाहू वायव्येकडे. तिन्ही भिंती उभ्या आहेत असे समजून सूर्य पश्चिमेला 30 अंशांवर ठेवला, तर मधल्या भिंतीला 0.87 आणि दोन्ही बाहूंना प्रत्येकी 0.61 एवढा उजेड मिळतो. दोन्ही बाहू अगदी एकाच छटेचे झाले. मधली भिंत थोडी उजळ, दोन्ही बाजू सारख्याच मंद, एवढेच डोळ्याला दिसते. ही भिंत आत वळलेली आहे की बाहेर फुगलेली आहे हे त्यावरून ठरवताच येत नाही.

तोच सूर्य त्याच उंचीवर ठेवून नैर्ऋत्येला न्या. आता उत्तरेकडच्या बाहूला 0.87, मधल्या भिंतीला 0.61 आणि दक्षिणेकडच्या बाहूला शून्य उजेड मिळेल. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे छटा क्रमाने उतरत जाते आणि बाक लगेच दिसतो. हा उजेड केवळ सोयीचा आहे असेही नाही. डिसेंबरच्या अखेरीस या अक्षांशावर दुपारनंतर सूर्य 30 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तो जवळजवळ नैर्ऋत्येलाच असतो. बरोबर पश्चिमेला मावळतो तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास.

याच हिशेबातली आणखी एक गोष्ट लो-पॉलीत फार महत्त्वाची ठरते. कोज्या शून्य अंशाच्या आसपास फार सावकाश बदलते. जे पैलू सूर्याकडे थेट पाहतात त्यांच्या कलात 5 अंशांचा फरक असला, म्हणजे एकाचा कोन 15 आणि दुसऱ्याचा 20 असला, तरी त्यांच्या उजेडात तीन शतांशांपेक्षाही कमी फरक पडतो आणि ते एकमेकांत मिसळून जातात. हाच 5 अंशांचा फरक 55 आणि 60 यांच्यामध्ये असेल तर उजेडात सात शतांशांहून अधिक अंतर पडते आणि दोन पैलूंमधली कड स्पष्ट दिसते. म्हणून ज्या बाजूचे पैलू आपल्याला दाखवायचे आहेत तिच्यावर उजेड समोरून टाकू नये, तिरका टाकावा.

दगडफूल

हे वाचून एक शंका आली. दक्षिणेकडच्या बाहूला शून्य उजेड मिळणार असेल तर तो पूर्ण काळा होईल. प्रत्यक्षात सावलीतला कडाही निळसर दिसतो.

त्रिमिती

बरोबर. म्हणून आकाशाचा भरणा द्यावा लागतो. माथ्याकडून निळसर आणि जमिनीकडून मंद तपकिरी असा दोन रंगांचा उजेड, सूर्याच्या साधारण पाव ते तीस टक्के जोराचा. पैलू जितका वर पाहतो तितका तो निळा आणि जितका खाली पाहतो तितका तपकिरी. साधी रंगछटा असलेला उजेड म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो, आणि त्यानेच सावलीतल्या पैलूंना रंग येतो.

मात्र त्याचीही एक मर्यादा आहे. हा भरणा पैलू किती वर पाहतो एवढेच जाणतो, त्याला पूर्व-पश्चिम कळत नाही. उभ्या भिंतीच्या सगळ्या पैलूंना तो एकसारखाच मिळतो. त्यामुळे सूर्याच्या आड असलेला दक्षिण बाहू काळा न होता निळा होतो, पण एकाच सपाट निळ्या रंगाचा होतो. तिथले पैलू वेगळे दिसण्यासाठी उत्तरेकडून एक अगदी क्षीण, सावली न पाडणारा दुसरा दिवा द्यावा. सूर्याच्या दहा-पंधरा टक्के जोर पुरेसा आहे. त्याहून जास्त दिला की दोन सूर्य असल्यासारखे वाटू लागते.

कंटूर

दुसऱ्या दिव्याऐवजी प्रत्येक पैलूच्या रंगात दोन-तीन टक्क्यांचा यादृच्छिक फरक टाकला तर? अनेक कलाकार तसे करतात आणि त्याला वेळही लागत नाही.

त्रिमिती

करतात खरे, पण मला ते पटत नाही. लो-पॉलीमध्ये छटेतला फरक हीच आकाराची भाषा असते. ज्या फरकामागे कल नाही तो फरक पाहणाऱ्याला खोटा आकार सांगतो. गवताच्या माळावर एखाद-दुसरा टक्का चालेल. कड्यावर मी कधीही टाकणार नाही.

कंटूर

माळावर चालेल आणि कड्यावर नाही, हा भेद मला तरी अनाकलनीय आहे. खऱ्या कातळाचाही रंग जागोजागी वेगळा असतोच.

वेबकर

शेवटी हे संकेतस्थळावर जाणार आहे, म्हणून थोडे लिहितो. थ्री.जेएसमध्ये सपाट पैलू आणि वर सांगितलेला दुरंगी भरणा दोन्ही तयार मिळतात:

```js
const mat = new THREE.MeshLambertMaterial({
  vertexColors: true,
  flatShading: true
});
scene.add(new THREE.HemisphereLight(0xbcd4ff, 0x6b5540, 0.6));
```

लो-पॉली म्हणजे फाइल आपोआप लहान, असे बहुतेक जण धरून चालतात, पण ते पूर्ण खरे नाही. 2,000 त्रिकोणांच्या सलग मेशमध्ये जेमतेम 1,000 बिंदू असतात, कारण शेजारचे त्रिकोण बिंदू वाटून घेतात. प्रत्येक पैलूला स्वतःचा रंग द्यायचा असेल तर हे वाटून घेणे थांबते आणि बिंदू 6,000 होतात. सुदैवाने 6,000 बिंदू आजच्या साध्या फोनलाही जड नाहीत. पण हाच हिशेब दोन लाख त्रिकोणांवर केला तर फरक जाणवतो. नुसते सपाट शेडिंग हवे असेल आणि रंग सगळीकडे एकच असेल, तर `flatShading` पैलूची दिशा पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याशी स्वतः काढते, त्यासाठी बिंदू वेगळे करावे लागत नाहीत.

पाऊलवाट

रंगाच्या बाबतीतच एक अडचण आली आहे. कोकणातला गर्द हिरवा ते माथ्यावरचा पिवळसर, अशी उंचीनुसार छटा मी `ColorRamp` ने दिली. सूर्य नैर्ऋत्येला नेल्यावर बाक सुंदर दिसू लागला, पण पैलू मात्र मऊ झाले आहेत. `Shade Flat` तर केलेलेच आहे. मोठ्या त्रिकोणांत खालून वर रंग बदलत जातो आणि त्रिकोणाचा सपाटपणा हरवतो.

त्रिमिती

`Shade Flat` उजेड सपाट करते, रंग नाही. तुमची छटा प्रत्येक ठिपक्याच्या उंचीवरून ठरते आहे, म्हणून ती एकाच त्रिकोणाच्या आतही बदलते. प्रत्येक पैलूला त्याच्या मध्याच्या उंचीचा एकच रंग हवा. त्यासाठी जॉमेट्री नोड्समध्ये `Store Named Attribute` घ्यावे, त्याचा प्रकार `Vector` आणि `Domain` `Face` ठेवावा आणि त्यात `Position` जोडावे. प्रत्येक त्रिकोणाच्या नावे त्याचा मध्यबिंदू नोंदला जातो. मटेरियलमध्ये तेच नाव `Attribute` नोडने वाचून त्याची उंची `ColorRamp` ला द्यावी. छटा राहते, पण ती पैलूपैलूंनी उतरते.

माथ्यापासून कोकणापर्यंत छटा केवळ उंचीवर सोडू नका. उभ्या पैलूला हिरवा रंग गेला की कडा पुन्हा उतार वाटू लागतो. कल 50 अंशांपेक्षा जास्त असेल तर कातळाचा रंग, त्याहून कमी असेल तर गवताचा, एवढी एकच अट पुरते. म्हणजे पैलूच्या दिशेचा उभा घटक 0.64 पेक्षा कमी असेल तिथे कातळ. फक्त एक सांभाळावे. देखावा उठावदार दिसावा म्हणून उंची दीडपट केली असेल तर 40 अंशांचा गवताळ उतार 51 अंशांपलीकडे जातो आणि सगळा डोंगर एकाएकी काळा पडतो. उंची वाढवली की ही मर्यादाही वाढवावी लागते. मूळच्या 50 अंशांचे दीडपटीत जवळपास 61 अंश होतात.

निवडलेले रंग रेंडरमध्ये फिके दिसत असतील तर `View Transform` पाहावे. ब्लेंडर 4.0 पासून तिथे `AgX` असते. ते छायाचित्रासारख्या दृश्यासाठी उत्तम आहे, पण मोजक्या सपाट रंगांच्या देखाव्यात ते रंग दबवते. `Standard` केल्यावर तुम्ही निवडलेल्या रंगाच्या जवळचा रंग मिळेल.

किल्लेकार

पुठ्ठ्याचा एक लहान नमुना केला आणि त्रिमिती यांनी सांगितलेला उजेडाचा हिशेब प्रत्यक्षात पाहिला. सगळे त्रिकोण एकाच पांढऱ्या कागदाचे आहेत. टेबलावरचा दिवा नमुन्याच्या समोर धरला तर कडा सपाट दिसतो आणि बाजूला नेला की प्रत्येक घडी वेगळी दिसते. रंग द्यायची गरज आहे असे आता मला वाटत नाही. एक प्रश्न आहे. दिवा बाजूला नेल्यावर एका बाहूची सावली मधल्या भिंतीवर पडते आणि निम्मी भिंत झाकली जाते. पडद्यावर हे कसे टाळता?

पाऊलवाट

माझ्याकडेही तेच होत आहे. दक्षिणेकडच्या बाहूची सावली मधल्या भिंतीवर तिरकी पडते आणि तिची कड पैलूंना मधूनच कापून जाते.

त्रिमिती

मी अशा देखाव्यात पडणारी सावली बंद करतो. सूर्याच्या दिव्याची सावली काढून टाकली तरी प्रत्येक पैलूची स्वतःची छटा राहते आणि आकार समजायला तेवढी पुरते. पडलेल्या सावलीची कड कोणत्याही पैलूची कड नसते, ती डोळ्याला खोटा पैलू वाटते.

दगडफूल

इथे माझे मत वेगळे आहे. कोकणकड्यावर उभे राहिल्यावर जी खोली जाणवते तिच्यात खाली पडलेल्या सावलीचा मोठा वाटा असतो. सावली काढली तर कडा ओळखू येईल, पण त्याची खोली तेवढी जाणवेल का, याची मला शंका आहे. सावलीची रेषा त्रिकोणांच्या कडांवर येईल अशी भिंत आखता येणार नाही का? सूर्य एकदा ठरला की सावली कुठे पडेल हे आधीच कळते.

त्रिमिती

आखता येईल, पण मग देखावा त्या एकाच वेळेच्या उजेडाला बांधला जातो. संकेतस्थळावर सूर्य स्थिर ठेवणार असाल तर ही कल्पना करून पाहण्यासारखी आहे. मी आजवर असे केलेले नाही.

भिंतीविषयी एक गोष्ट राहिली. कोकणकड्याचा मधला भाग काठापेक्षा आत गेलेला आहे, आणि उंचीच्या जाळीला प्रत्येक जागी एकच उंची ठाऊक असते. काठाखालची पोकळी तिच्यात कधीच येणार नाही, जाळी कितीही बारीक घेतली तरी. तुमच्या तीन पट्ट्यांपैकी मधल्या पट्ट्याचे बिंदू हाताने डोंगराच्या आत ओढावे लागतील. त्यानंतर वरच्या पट्ट्याचे पैलू किंचित खाली पाहू लागतील, त्यांना आकाशाचा निळा कमी आणि जमिनीचा तपकिरी जास्त मिळेल, आणि काठाखाली एक उबदार गडद पट्टा आपोआप दिसेल. तो दिसला नाही, तर पैलूंची दिशा उलटी झालेली नाही ना, हे `Face Orientation` लावून तपासावे. बाहेरून सगळे निळे दिसले पाहिजे. हाताने जोडलेल्या भिंतीत लाल पैलू निघणे अगदी सामान्य आहे.

पाऊलवाट

मधला पट्टा आत ओढला. सहा पैलू लाल निघाले, ते उलटे करून घेतले. काठाखालचा तपकिरी पट्टा आता दिसतो आहे आणि त्यामुळे नालेचा आकार पूर्वीपेक्षा खोल वाटतो. एकूण त्रिकोण 1,900 च्या आसपास आहेत, त्यांतले सुमारे 180 भिंतीत. सावली बंद असलेले आणि चालू असलेले अशी दोन्ही रूपे ठेवली आहेत. गटातल्या लोकांना दोन्ही दाखवली तेव्हा गड पाहिलेल्यांनी सावलीचे रूप निवडले आणि न पाहिलेल्यांनी सावली नसलेले. दगडफूल यांच्या सूचनेप्रमाणे सावलीच्या रेषेवरून त्रिकोण आखण्याचा प्रयत्न आता सुरू करीत आहे. त्यासाठी सूर्य डिसेंबरच्या दुपारचाच धरावा की आमचा गट सहसा ऑक्टोबरमध्ये जातो म्हणून तेव्हाचा, हे ठरायचे आहे.

दगडफूल

ऑक्टोबरचा धरू नका, असे मी म्हणेन. तेव्हा सूर्य डिसेंबरपेक्षा पश्चिमेकडे जास्त सरकलेला असतो, म्हणजे त्रिमिती यांनी सांगितलेली समोरच्या उजेडाची अडचण काही प्रमाणात परत येईल. हिरवा रंग ऑक्टोबरचा आणि उजेड डिसेंबरचा असे केले तर चालेल का, यावर मात्र माझे स्वतःचेच मत ठरत नाही. गवत डिसेंबरपर्यंत पिवळे पडलेले असते.

कंटूर

रंग डिसेंबरचाच घ्यावा. पिवळ्या गवतावर काळे कातळ जास्त उठून दिसते आणि दोन्हींतला फरक ठेवायला दोन रंग पुरतात.